कोपऱ्यातलं नाव कापताना

हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांचा फोटो पाहिला नाही असा मराठी माणूस आता शोधूनच काढावा लागेल. पावसाळा सुरू झाला की त्र्यंबकेश्वरजवळच्या या किल्ल्याचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटागटांतून फिरू लागतात. एखाद्यावर कोपऱ्यात फोटोग्राफरचं नाव असतं, बहुतेकांवर नसतं. नसतं याचा अर्थ त्याने ते टाकलं नव्हतं असा घेऊ नये. पुष्कळदा खालची बोटभर पट्टी मधल्या कुणीतरी कापलेली असते. मग तोच फोटो वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘सौजन्य : गुगल’ या ओळीसह छापून येतो. गुगल काही कॅमेरा घेऊन हरिहर चढलेलं नसतं, पण ही ओळ लिहिली की आपलं कर्तव्य झालं असं अनेक संपादकांना अजूनही वाटतं.

वॉटरमार्क कापणं चालतं का, या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ असं एका दमात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. ‘फोटो नेटवर टाकला म्हणजे सगळ्यांचाच’ असं म्हणणारे त्याहून जास्त. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. कापलेला फोटो कुणाच्या हातात आहे, त्याने परवानगी कसली घेतली आहे आणि कापलेलं नाव त्याने दुसरीकडे कुठे लिहिलं आहे का, यावर उत्तर बदलतं. एकच फोटो वेगवेगळ्या हातांत देऊन पाहू.

समजा, नाशिकचा एक फोटोग्राफर जुलैतल्या एका पहाटे हरिहरवर गेला. धुकं विरळ झालं त्या दोन-चार मिनिटांत त्याला हवा तो फोटो मिळाला. घरी येऊन त्याने रंग सुधारले आणि इन्स्टाग्रामसाठी लहान आकाराची प्रत काढताना उजव्या खालच्या कोपऱ्यात नाव टाकलं. हे नाव मूळ फाइलवर कधीच नसतं, हे आधी समजून घ्यायला हवं. कॅमेऱ्यातली रॉ फाइल कोरीच राहते. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमधून प्रत बाहेर काढताना, म्हणजे एक्सपोर्ट करताना, नाव त्या प्रतीवर चढतं. म्हणजे नावाशिवायचा स्वच्छ फोटो जगात असतोच, फक्त तो त्याच्याकडे असतो आणि मागितला तर मिळू शकतो.

आता मालकी. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात फोटोचा लेखक म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती असं सरळ म्हटलं आहे. कॉपीराइट मिळवायला नोंदणी लागत नाही, © हे चिन्ह लागत नाही आणि वॉटरमार्कही लागत नाही. बटण दाबलं की हक्क निर्माण झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो फोटोग्राफरच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे ‘नाव नव्हतं, म्हणून वापरला’ हा बचाव मुळातच लंगडा. कोपऱ्यातल्या नावाने हक्क तयार होत नाही. हक्क कुणाचा आहे आणि विचारायचं कुणाला, एवढंच ते नाव सांगतं.

हा फोटो पुण्यातल्या एका ट्रेक नेणाऱ्या मंडळींच्या हाती लागला. त्यांनी स्क्रीनशॉट घेतला, खालची पट्टी कापली, वर ‘हरिहर ट्रेक, प्रत्येकी ९९९ रुपये’ असं ठळक टाकलं आणि पोस्टर फिरवलं. इथे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. पहिली, परवानगीशिवाय फोटो वापरला, तोही धंद्यासाठी. हा कॉपीराइटचा भंग झाला, आणि पट्टी न कापता पोस्टर केलं असतं तरी तो झालाच असता. दुसरी गोष्ट पट्टी कापण्याची. तिच्यासाठी कायद्यात स्वतंत्र कलम आहे, हे बऱ्याच फोटोग्राफरांनाही माहीत नसतं.

ते कलम ६५ बी. २०१२ च्या दुरुस्तीने ते आलं. कायद्याने ‘हक्क व्यवस्थापन माहिती’ अशी एक संज्ञा केली आहे. कलाकृतीची ओळख पटवणारी माहिती, कर्त्याचं नाव, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि वापराच्या अटी या सगळ्या गोष्टी तिच्यात येतात. कोपऱ्यातलं फोटोग्राफरचं नाव या व्याख्येत शब्दशः बसतं. ही माहिती जो कुणी जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकेल किंवा बदलेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड होऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली अशी माहिती काढून टाकली आहे हे माहीत असताना त्या प्रती पुढे वाटणाऱ्यालाही हेच कलम लागू होतं. हक्कधारकाला नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावता येतो. म्हणजे आपल्या ट्रेकवाल्यांनी एका पोस्टरवर दोन गुन्हे ओढवून घेतले. त्यातला दुसरा तर निव्वळ पोस्टर सुटसुटीत दिसावं म्हणून.

अशा वेळी फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं : ‘अहो दादा, सांगा ना, नाव टाकतो!’ नाव टाकल्याने दुसरी तक्रार थोडी सौम्य होईल. पहिली होत नाही. श्रेय देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी घेतली असेल तर श्रेय कसं द्यायचं ते ठरवता येतं, पण परवानगीच नसेल तर कितीही ठळक श्रेय दिलं तरी वापर बेकायदाच राहतो. ‘क्रेडिटसाठी किंवा फोटो काढून टाकण्यासाठी मेसेज करा’ असं लिहिणारी पानं हेच उलटं करतात. आधी घेतात आणि मालकाने येऊन हरकत घ्यावी अशी अपेक्षा ठेवतात.

कायद्यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे, कारण नाव दर वेळी वाईट हेतूनेच कापलं जातं असं नाही. कॅमेऱ्याचा आडवा फोटो साधारण ३:२ या प्रमाणात असतो. तोच इन्स्टाग्रामच्या स्टोरीत पूर्ण उंचीने भरायचा, तर तिथलं प्रमाण ९:१६. हिशेब केला तर मूळ रुंदीचा जेमतेम ३७ टक्के भाग उरतो आणि चारही कोपरे पडद्याबाहेर जातात. वेबसाइटवरची छोटी चौकोनी चित्रं आपोआप मधूनच कापली जातात. परवानगी घेऊन फोटो लावणाऱ्याकडूनही नाव असं निसटतं. अशा माणसाला चोर ठरवण्यात अर्थ नाही. पण नाव गेल्याचं लक्षात आल्यावर खाली एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? ती ओळ लिहिली की नाही, यावरून माझ्या मते पुष्कळ कळतं.

कापलेल्या नावावरून किती मोठं प्रकरण होऊ शकतं याचं एक अमेरिकेतलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. २००६ मध्ये ‘न्यू जर्सी मंथली’ या मासिकाने पीटर मर्फी या फोटोग्राफरकडून रेडिओवरच्या दोन निवेदकांचा फोटो काढून घेतला. कॉपीराइट मर्फी यांच्याकडेच राहिला. मासिकात त्यांचं नाव पानाच्या आतल्या कडेला, शिवणीजवळ बारीक अक्षरांत छापलं होतं. रेडिओ केंद्रातल्या कुणीतरी ते पान स्कॅन केलं. स्कॅन करताना नाव गेलं. मग तो फोटो केंद्राच्या वेबसाइटवर चढवून श्रोत्यांना ‘यात हवे ते बदल करून पाठवा’ असं आवाहन केलं गेलं. मर्फी कोर्टात गेले. खालच्या कोर्टात त्यांच्या हाती काही लागलं नाही, पण २०११ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. तिथल्या कायद्यातही हक्कांची माहिती काढण्याला मनाई आहे. ती माहिती एखाद्या स्वयंचलित डिजिटल यंत्रणेतलीच असली पाहिजे असा केंद्राचा युक्तिवाद होता. कोर्ट म्हणालं, कागदावर छापलेलं साधं नावसुद्धा तीच माहिती आहे. गंमत अशी की फोटोत त्या निवेदकांचेच चेहरे होते. आपला चेहरा आहे म्हणजे फोटो आपला, ही समजूत काही आपल्याकडेच आहे असं नाही.

आता हाच हरिहर एका दिवाळी अंकाच्या संपादकांकडे जाऊ द्या. किल्ल्यांवरच्या लेखाला त्यांना तो हवा आहे आणि छापील पानावर कोपऱ्यातलं नाव नको आहे. ही इच्छा रास्त आहे. मांडणी करणाऱ्याला असं नाव खुपतं, आणि फोटोखाली किंवा श्रेयनामावलीत नाव देण्याची छपाईची रीत जुनीच आहे. त्यांनी इन्स्टाग्रामवरून फोटो उचलून कापला तर कायद्याचं राहू द्या, छपाईतच फसतील. तिथली प्रत साधारण १०८० पिक्सेल रुंद असते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो फोटो ३.६ इंच, म्हणजे नऊ सेंटिमीटर रुंदीपर्यंतच नीट छापता येतो. पानभर ताणला की पायऱ्यांचा लगदा होतो. फोटोग्राफरला विचारलं तर मोठी फाइलही मिळते आणि तिच्यावर वॉटरमार्क नसतो.

विचारायचं ते लेखी विचारा. आपल्या कायद्यात परवाना लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. म्हणून संपादकांचा मजकूर साधारण असा असावा : ‘आपला हरिहरचा फोटो यंदाच्या दिवाळी अंकात एकदा, छापील आणि पीडीएफ आवृत्तीत, अर्ध्या पानावर वापरायचा आहे. मांडणीसाठी कडा थोड्या कापाव्या लागतील. नाव फोटोखाली छापू. मानधन किती द्यावं ते कळवा. वॉटरमार्क नसलेली मोठी फाइल पाठवावी.’ पाच वाक्यांचं हे पत्र गेलं आणि ‘हो’ आलं की वॉटरमार्क कापण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढच्या वर्षी तोच फोटो दिनदर्शिकेवर घ्यायचा ठरला तर मात्र पुन्हा विचारायला हवं. ‘गेल्या वर्षी दिला होता की’ हे दिनदर्शिकेला लागू पडत नाही, कारण परवानगी अंकापुरती होती.

कधीकधी परवानगी आधीच दिलेली असते. फोटोग्राफरने फोटो विकिमीडिया कॉमन्सवर CC BY-SA 4.0 या परवान्याखाली ठेवला असेल, तर कुणीही तो वापरावा, बदलावा, कापावा, अगदी धंद्यासाठीही वापरावा, याला त्याने आगाऊ होकार दिलेला असतो. कॉमन्सवर दिसणारे वॉटरमार्क नकोसेच मानले जातात आणि तिथले स्वयंसेवक असे फोटो खूण करून ठेवतात. पण परवान्यातल्या BY या दोन अक्षरांची अट सुटत नाही. कोपऱ्यातलं नाव कापलं तर ते फोटोखाली यायला हवं, सोबत परवान्याचं नाव आणि दुवा हवा, फोटोत बदल केल्याचा उल्लेख हवा, आणि बदललेली प्रत त्याच अटींवर पुढे द्यायला हवी. हे न करता कापणाऱ्याची परवानगी तिथेच संपते. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर ती परत मिळते, एवढी सवलत या चौथ्या आवृत्तीत आहे. परवान्यात ND अशी अक्षरं असतील तर बदललेली प्रत वाटण्याची मुभाच नाही, तिथे कात्रीला हात लावू नये.

आणि आपल्या फोनच्या पडद्यावर हरिहर लावला, वर घड्याळ, खाली चिन्हं, त्यात नाव झाकलं गेलं किंवा कापलं गेलं, तर? खासगी वापराला कायद्यात मोकळीक आहे, कुणी तुमच्या मागे येणार नाही. फक्त तो कापलेला फोटो ‘आजची सकाळ’ म्हणून स्टेटसवर लावू नका.

खरा गुंता लग्नाच्या फोटोंचा आहे आणि तिथे कायदा बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट जातो. कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा असतो. कलम १७ मध्ये हे स्पष्ट आहे. वधूच्या वडिलांनी पैसे मोजले आणि फोटोग्राफरशी काहीही लिहून केलं नाही, तर कॉपीराइट वडिलांचा. मग स्टुडिओने अल्बममधल्या प्रत्येक फोटोवर आपलं नाव टाकलं आणि मुलीने इन्स्टाग्रामवर टाकताना ते कापलं, तर तिला ६५ बी लावणं फार अवघड आहे, कारण घरच्यांच्या मालकीचा फोटो कापायला अधिकार नव्हता असं म्हणता येत नाही. उलट, त्या कुटुंबाला न विचारता स्टुडिओने ते फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरले, तर चूक स्टुडिओची होऊ शकते. म्हणून शहाणे स्टुडिओ आता करारातच लिहून घेतात : कॉपीराइट आमचा, कुटुंबाला वैयक्तिक वापराची मुभा, सोशल मीडियावर टॅग करावं. असा करार सही करून दिला असेल तर गणित पुन्हा पालटतं. लग्नाच्या धावपळीत हा कागद कुणी वाचत नाही, आणि भांडण मात्र त्याच कागदावरून होतं.

मालकी गेली तरी फोटोग्राफरकडे एक गोष्ट राहते. कलम ५७ प्रमाणे, कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यावरही हे काम माझं आहे असं सांगण्याचा हक्क कर्त्याचाच असतो, आणि आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड तो थांबवू शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारच्या मालकीचं होतं. सरकारने ते उतरवून गोदामात टाकलं, त्याची नासधूस झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्प सहगल यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाखांची भरपाई दिली. लग्नाच्या फोटोची तुलना त्या शिल्पाशी करायची नाही, पण नियम तोच आहे. वधूच्या मैत्रिणीने तोच फोटो ‘मी काढलेला’ म्हणून स्पर्धेत पाठवला तर स्टुडिओ कॉपीराइट नसतानाही उभा राहू शकतो.

स्टुडिओ निवडीसाठी जे फोटो पाठवतो त्यांच्यावर मधोमध आडवं मोठं नाव असतं. ही फोटोग्राफरची सही समजू नये. हा नमुना आहे आणि त्याचे पैसे अजून चुकते झालेले नाहीत, असं ते नाव सांगत असतं. असं नाव पुसून प्रिंट काढणाऱ्याला ‘मांडणीत बसत नव्हतं’ हे कारण सांगण्याची सोय उरत नाही.

आणखी एक प्रकार हल्ली फार बोकाळला आहे. वॉटरमार्कच खोटा असतो. एखादं पान दुसऱ्याचा फोटो उचलतं, मूळ नाव कापतं आणि स्वतःचा शिक्का मारतं. जुन्या फोटोंचंही तसंच. लाला दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांनी काढलेल्या फोटोवर आज एखाद्या वेबसाइटचा ठसा दिसला, म्हणून त्या वेबसाइटकडे कॉपीराइट जात नाही. असे ठसे कापायला माझी हरकत नाही. पण आधी खात्री करा. प्रतिमा शोधाची सोय वापरली की जुन्यात जुनी आणि मोठ्यात मोठी प्रत बहुधा सापडते, आणि तिच्यावर मूळ नाव असलं तर परवानगी त्या नावाकडे मागायची. नवा ठसा कापून जुनं नाव न शोधणं म्हणजे दुसऱ्या चोराने पहिल्याचा माग पुसणं.

फोटोग्राफरांना दोन शब्द. फोटो नेटवर टाकताना चारही बाजूंनी थोडा आत कापूनच टाका. चोरलेल्या प्रतीत नसलेली कडा तुमच्या मूळ फाइलमध्ये असते, आणि ‘मीच काढला’ म्हणणाऱ्यासमोर ती कडा आणि रॉ फाइल ठेवली की वाद लांबत नाही. फाइलच्या आतही नाव आणि कॉपीराइटची ओळ भरा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती आतली माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. नाव कोपऱ्यात ठेवायचं की मधोमध, हा तुमचा निर्णय. कोपऱ्यातलं कापता येतं आणि मधोमधचं फोटोच बिघडवतं. मी कोपऱ्याच्या बाजूचा आहे.

आणि कापलेला फोटो सापडला तर भांडायला फोन लावण्याआधी त्या पानाचा तारीख आणि पत्त्यासकट स्क्रीनशॉट घ्या, कारण फोन झाला की पोस्ट उडते. मग ज्या वेबसाइटवर फोटो आहे तिला लेखी तक्रार द्या. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे, तक्रार योग्य वाटल्यास तिने ३६ तासांत तो मजकूर थांबवायचा असतो. त्या तक्रारीत २१ दिवसांत दावा दाखल करण्याची हमी तुम्हाला द्यावी लागते. तो दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या कोर्टात लावता येतो, पुण्याच्या ट्रेकवाल्यांसाठी नाशिकच्या माणसाने पुण्याला खेटे घालायची गरज नाही. पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर वेबसाइट तो फोटो पुन्हा सुरू करू शकते.